सॅलडच्या कॅलरी कशा मोजायच्या? काकडी नाही, ड्रेसिंग वजन करा

इन्स्टाग्रामवर सॅलडचा रील बघितला की खाली एक कॉमेंट हमखास असते: 'रात्री फक्त सॅलड खातेय, तरी वजन हलत नाहीये.' त्यावर कुणी थायरॉइड तपासायला सांगतं, कुणी सात वाजायच्या आत जेवायला. त्या बाऊलमध्ये नक्की काय काय आणि किती घातलं होतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

आपण ते विचारून बघू. घरी बनवलेला एक बाऊल घ्या. त्यात काकडी १०० ग्रॅम, टोमॅटो ८० ग्रॅम, लेट्युस ६० ग्रॅम आणि गाजर ४० ग्रॅम आहे. वर ३० ग्रॅम प्रोसेस्ड चीज, २० ग्रॅम बदाम, १५ ग्रॅम भोपळ्याच्या बिया आणि तीन मोठे चमचे, म्हणजे ४० ग्रॅम ड्रेसिंग. दिसायला बाऊल हिरवागार. वजनाच्या हिशोबानेही जवळपास तीन चतुर्थांश भाग भाज्यांचाच आहे.

आता कॅलरी बघा. काकडी १५, टोमॅटो १४, लेट्युस ९, गाजर १६. म्हणजे २८० ग्रॅम भाज्यांच्या मिळून साधारण ५५ कॅलरी झाल्या. त्याउलट चीजच्या ९३, बदामाच्या ११६, बियांच्या ८४ आणि ड्रेसिंगच्या २२७. एकूण ५७५. ३० ग्रॅम कणकेची बिनतेलाची पोळी साधारण १०० कॅलरीची धरली, तर हा बाऊल पावणेसहा पोळ्यांच्या बरोबरीचा आहे. त्यात भाज्यांचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी.

असं का होतं?

काकडीत ९५ टक्के पाणी असतं आणि पाण्याला कॅलरी नसतात. तेलात पाणी नसतंच, ते जवळपास पूर्ण स्निग्ध पदार्थ आहे. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ कॅलरी मिळतात, तर प्रथिनं आणि कर्बोदकांतून ग्रॅममागे ४. बदाम आणि बिया यांचंही साधारण निम्मं वजन तेलाचंच असतं.

त्यामुळे मोजताना चूक कुठे झाली याला फार महत्त्व येतं. काकडी ५० ग्रॅम जास्त पडली तर हिशोब ७-८ कॅलरींनी चुकतो. तेल फक्त ५ ग्रॅम जास्त पडलं तर ४४ कॅलरींनी. आपण नेमकं उलटं करतो. काकडी काट्यावर ठेवतो आणि तेल बाटलीतून 'जरासं' ओततो. माझं मत विचाराल तर भाज्या अंदाजाने लिहा, वाटल्यास सगळ्या मिळून ५० कॅलरी धरून टाका. काटा या चार गोष्टींसाठी वापरा: ड्रेसिंग, चीज, सुकामेवा, बिया.

ड्रेसिंगचा हिशोब

यातलं सगळ्यात चकवणारं प्रकरण ड्रेसिंगचं आहे, कारण ते मिश्रण असतं. सोपा मार्ग म्हणजे एकदाच बरणीभर बनवून त्याचा ग्रॅममागचा आकडा काढून ठेवायचा. रिकामी बरणी काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. ६० ग्रॅम ऑलिव्ह तेल, ३० ग्रॅम लिंबाचा रस आणि १० ग्रॅम मध घाला. मीठ-मिरपूड मोजायची गरज नाही. तेलाच्या ५३०, मधाच्या ३० आणि लिंबाच्या ७ मिळून १०० ग्रॅम मिश्रणात ५६७ कॅलरी झाल्या. म्हणजे ग्रॅमला साधारण ५.७. आपल्या बाऊलमधले ४० ग्रॅम ड्रेसिंग २२७ कॅलरींचं आहे, ते असं.

वाढताना चमच्याने मोजू नका. भरलेली बरणीच काट्यावर ठेवून शून्य करा, हवं तेवढं ओता आणि बरणी परत ठेवा. काटा उणे जितका दाखवेल तितकं ड्रेसिंग सॅलडमध्ये गेलं.

इथे एक गोची आहे. बरणी थोडा वेळ नुसती ठेवली की तेल वर येतं आणि लिंबाचा रस खाली बसतो. न हलवता ओतलंत तर ४० ग्रॅममध्ये जवळपास नुसतं तेल येऊ शकतं आणि २२७ च्या जागी ३५० कॅलरी होतात. बरणीत दोन थर दिसत असतील तर ती हलवायची राहिली आहे. आणि शेवटी बाऊलच्या तळाशी ड्रेसिंग उरलं असेल, तर ते तुम्ही खाल्लेलं नाही. भरपूर उरत असेल तर ते निथळून वजन करा आणि तेवढं वजा करा.

बाजारच्या बाटलीवर आधी बघा की आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा. सर्व्हिंग अनेकदा एका चमच्याएवढं असतं आणि एका चमच्यावर सहसा कुणी थांबत नाही. ॲपमध्ये नुसतं 'व्हेज सॅलड, १ बाऊल' निवडलंत तर त्या बाऊलमध्ये तेल होतं की नाही हेच कळत नाही. घटक वेगवेगळे टाका. भारतीय पदार्थांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते चांगले आहेत, पण त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. तो आकडा ४.१८४ ने भागला की आपल्या कॅलरी मिळतात.

मग हा आकडा अगदी अचूक असतो का?

नाही, आणि यातलं बदामाचं उदाहरण मजेशीर आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये माणसांना बदाम खायला घालून शरीराला प्रत्यक्षात किती ऊर्जा मिळते हे मोजलं. ती ग्रॅमला सुमारे ४.६ कॅलरी निघाली. तक्त्यात ती ६ च्या आसपास असते. कारण चावूनही बदामाच्या बऱ्याच पेशी फुटत नाहीत आणि आतलं तेल तसंच बाहेर पडतं. म्हणजे आपल्या २० ग्रॅम बदामांच्या ११६ ऐवजी ९० च्या आसपास कॅलरी अंगी लागत असतील. बदामाचं बटर केलं तर पेशी आधीच फुटलेल्या असतात, तिथे ही सूट मिळत नाही. रोजच्या हिशोबात मात्र तक्त्याचाच आकडा धरा, फक्त शेवटचे २०-३० आकडे दगडावरची रेघ समजू नका.

हे सगळं परदेशी सॅलडपुरतंच आहे असंही नाही. काकडीची कोशिंबीर घ्या. १५० ग्रॅम काकडीच्या २३ कॅलरी, २० ग्रॅम दाण्याच्या कुटाच्या ११३ आणि फोडणीच्या एका चहाच्या चमचाभर तेलाच्या ४०. इथेही काकडी शेवटच्याच नंबरावर.

बाऊल हलका करायचा असेल तर लेट्युस कमी करून काही हाती लागत नाही. ड्रेसिंग ४० वरून २० ग्रॅम केलं की ११३ कॅलरी कमी होतात, बदाम निम्मे केले की ५८. पण तेल पूर्ण बंद करू नका. गाजर-टोमॅटोतली कॅरोटिनॉइड्स शरीरात शोषली जायला थोडं तेल लागतंच. हॉटेलात काटा काढून बसता येत नाही, तिथे ड्रेसिंग वेगळ्या वाटीत मागा. खाऊन झाल्यावर वाटीत किती उरलंय ते बघितलं की पोटात किती गेलं याचा अंदाज येतो.