सुईची वेळ बदलली की जेवणाचीही बदलते

‘आपली मंगळवार, सकाळी ७.०० ची रक्ततपासणी पुढे ढकलण्यात आली आहे. नवी वेळ : गुरुवार, सकाळी ९.३० ते १०.३०. कृपया १० ते १२ तास उपाशी राहा. पाणी चालेल.’

लॅबकडून मोबाइलवर असा निरोप आला की घरात त्यातला वार तेवढा लक्षात ठेवला जातो. मंगळवारचं गुरुवारवर गेलं, एवढंच. पण सुई सातऐवजी साडेनऊला टोचणार असेल, तर आदल्या रात्रीच्या जेवणापासून सकाळच्या गोळीपर्यंत सगळ्याच वेळा सरकतात. निरोपात ते कुठेही सांगितलेलं नसतं. त्यात फक्त तास दिलेले असतात, आणि ते नव्या वेळेपासून उलटे मोजायचे असतात.

समजा, अठ्ठावन्न वर्षांच्या एका शिक्षिकेला हा निरोप आला आहे. त्यांना मधुमेह आहे. नाश्त्याबरोबर त्या ग्लिमेपिराइडची गोळी घेतात आणि उठल्याबरोबर अनशापोटी थायरॉइडची. डॉक्टरांनी फास्टिंग आणि पीपी साखर, लिपिड प्रोफाइल आणि टीएसएच एवढ्या तपासण्या लिहून दिल्या आहेत. रक्त घ्यायला लॅबचा माणूस घरी येणार आहे.

त्यांच्या घरी रात्रीचं जेवण साडेआठला आटोपतं. जुन्या वेळेप्रमाणे सकाळी सातला साडेदहा तास भरत होते, म्हणजे सगळं जागेवर होतं. नव्या वेळेला त्याच जेवणापासून साडेनऊपर्यंत तेरा तास होतात. निरोपात मात्र ‘९.३० ते १०.३०’ असं लिहिलं आहे. माणूस शेवटच्या मिनिटाला पोहोचला तर चौदा तास. म्हणून त्या रात्री जेवण साडेनऊच्या सुमारास संपवलेलं बरं. माणूस लवकर आला तरी बारा तास आणि उशिरा आला तरी तेरा.

उपास तासभर लांबला तर काय बिघडतं, असं पुष्कळांना वाटतं. निरोगी माणसाचं फारसं बिघडत नाही. ग्लिमेपिराइड घेणाऱ्याचं बिघडू शकतं, कारण ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. सवयीने सकाळी आठला गोळी गिळली, लॅबचा माणूस साडेदहाला आला आणि मधल्या वेळात नाश्ता झाला नाही, तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू शकते. हात थरथरतात, घाम सुटतो, छातीत धडधडतं. अशा वेळी तपासणी बाजूला ठेवून तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पुन्हा पाहायचं आणि मग लॅबला फोन करायचा. रात्री इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर वेळ सरकल्याचा निरोप आल्याबरोबर डोसबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावं. वेळ ठरवणाऱ्या लॅबच्या माणसाला त्यांची औषधं माहीत नसतात.

आता दुसरी बाजू, पुरेसा उपास न झाल्याची. फास्टिंग साखरेला किमान आठ तास लागतात. लिपिडला जास्त, कारण जेवणातली चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात कितीतरी तास रक्तात फिरत राहते. त्याचा परिणाम अहवालातल्या आणखी एका आकड्यावर होतो, आणि तोही उलट्या दिशेने. पुष्कळ लॅबमध्ये एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. एकूण २००, एचडीएल ४५ आणि ट्रायग्लिसराइड १५० असेल तर एलडीएल १२५ येतं. उशिरा झालेल्या तुपकट जेवणामुळे ट्रायग्लिसराइड २२५ आलं आणि बाकीचे आकडे तेच राहिले, तर हिशेब ११० दाखवतो. म्हणजे रात्री भरपेट जेवलेल्या माणसाचं कोलेस्टेरॉल कागदावर सुधारलेलं दिसतं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा हिशेब वापरतच नाहीत.

युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ साली नेहमीच्या लिपिड तपासणीला उपाशी राहण्याची गरज नाही असं मत दिलं. आपल्याकडे मात्र तीच सुई फास्टिंग साखरेसाठीही टोचलेली असते आणि जुने अहवालही उपाशीपोटीचेच असतात. तुलना करायची तर यंदाही तसंच रक्त द्यायला हवं.

तारीख सरकते तेव्हा पंचांगही पाहून घ्यावं. गुरुवारच्या आदल्या दिवशी संकष्टी असेल तर शिक्षिकेचं जेवण चंद्रोदयानंतरच होणार, आणि तो नऊच्या आसपास, कधी आणखी उशिरा होतो. जेवण पावणेदहाला संपलं तर जुन्या सातच्या वेळेला सव्वानऊ तासच भरले असते. नव्या वेळेला पावणेबारा भरतात. इथे लॅबने दिलेला उशीर कामी आला. ताटात मोदक आणि त्यावर तूप असेल, तर मात्र ट्रायग्लिसराइडचा आकडा त्या रात्रीचा की नेहमीचा, हे सांगणं अवघड होतं. लिपिडसाठी आणखी एक दिवस मागून घेतलेला बरा. संकष्टी तपासणीच्याच दिवशी आली तर उपवासाचं दूध, केळं किंवा साबुदाण्याची खिचडी सुई टोचून होईपर्यंत नको. लॅबच्या उपाशीपोटात फक्त साधं पाणी बसतं. बिनसाखरेचा चहाही नाही.

पीपीचा दुसरा नमुनाही पुढे सरकतो, आणि नेमकं तेच निरोपात बहुधा नसतं. पहिलं रक्त पावणेदहाला घेतलं आणि शिक्षिका दहाला जेवायला बसल्या, तर दुसरं बाराला. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे. जेवण रोजचंच असावं आणि डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर गोळीही त्याच्याबरोबर रोजच्यासारखी. बाराला माणूस येणार आहे ना, हे निरोप मिळाला त्याच दिवशी फोन करून विचारून घ्यावं. पहाटेच्या फेऱ्या संपल्यावर दुपारी माणूस मिळत नाही आणि मग ‘पीपी’च्या नावाखाली तीन तासांनी घेतलेली साखर अहवालात छापली जाते. ती खरी पीपी नसते, आणि नेहमीपेक्षा कमी दिसू शकते.

थायरॉइडची गोळी त्या सकाळी रक्त दिल्यावर घ्यावी, असं बरेच डॉक्टर सांगतात. टीएसएच पहाटे जास्त आणि दिवस चढेल तसं कमी होत जातं, त्यामुळे मागच्या वेळी सातला आणि यंदा साडेदहाला रक्त घेतलं असेल तर थोड्या फरकाने डोस बदलण्याआधी डॉक्टरांना वेळ सांगायला हवी. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असल्यास तेही सांगावं. बायोटिनमुळे काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे चुकतात; त्या गोळ्या निदान दोन दिवस आधी थांबवायला सांगतात.

अहवाल हातात आला की आधी वरचा कोपरा पाहावा. नमुना घेतल्याची आणि लॅबमध्ये पोहोचल्याची वेळ बहुतेक अहवालांत तिथे असते. तिथे अजून सातच छापलं असेल तर लॅबकडून वेळ दुरुस्त करून घ्यावी. शेवटचं जेवण किती वाजता झालं, तेही त्याच कागदावर पेनाने लिहून डॉक्टरांकडे न्यावं.

आणि त्या सकाळी चुकून चहा-बिस्किट झालंच, तर रक्त घ्यायला आलेल्या माणसाला तसं सांगावं. मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सी तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. डॉक्टरांनी ती लिहून दिली असेल तर तिचं रक्त त्याच दिवशी देता येतं. फास्टिंग आणि लिपिडसाठी पुन्हा एक सकाळ मागून घ्यावी.