पट्टी हिरवी, काम किती?

संगणकावर एखादी मोठी फाइल उतरवून घेताना खाली एक पट्टी हळूहळू भरत जाते. काम किती टक्के झालं हे दाखवणाऱ्या अशा पट्ट्यांवर ब्रॅड मायर्स या संगणकशास्त्रज्ञाने १९८५ साली शोधनिबंध सादर केला. अशी पट्टी वापरणाऱ्यांना आवडते, असं त्याला प्रयोगात दिसलं होतं. फाइलच्या पट्टीला एक सोय असते. फाइल एकूण केवढी आहे हे यंत्राला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे भागाकार सोपा होतो. माणसांच्या कामाची पट्टी स्प्रेडशीटमध्ये करायची, तर ‘एकूण काम’ किती हे आपल्यालाच सांगावं लागतं. ते चुकीचं सांगितलं, तर पट्टीही बिनदिक्कत चुकीचं दाखवते.

उदाहरणासाठी एका लहान दिवाळी अंकाचं काम घेऊ. गूगल शीट्समध्ये A कॉलमात कामं लिहिली आहेत: विषय ठरवणे, लेखकांना आमंत्रणे, जाहिरातींचे दरपत्रक, प्रेसचे कोटेशन, साहित्य जमवणे, संपादन, जाहिराती मिळवणे, मुद्रितशोधन, मांडणी, मुखपृष्ठ, छपाई आणि वितरण. अशी १२ कामं दुसऱ्या ओळीपासून तेराव्या ओळीपर्यंत येतात. शेजारचा B कॉलम निवडून `Insert` मेनूतून `Checkbox` घातला, की प्रत्येक कामापुढे एक चौकट येते.

ही चौकट म्हणजे नुसतं चित्र नाही. प्रत्येक चौकटीच्या मागे एक मूल्य असतं. टिक केली की `TRUE`, नसली की `FALSE`. सगळा खेळ या दोन शब्दांवर चालतो. किती `TRUE` आहेत ते मोजायचं आणि एकूण कामांनी भागायचं. अंश काढणं सोपं, गडबड होते ती छेदात.

पहिली गडबड अशी. पुढे कामं वाढतील म्हणून बरेच जण एकदमच ५० ओळींना चौकटी लावून ठेवतात, आणि ‘एकूण’ म्हणून चौकटीच मोजतात. रिकाम्या ओळीतली टिक न केलेली चौकट आपल्याला रिकामी दिसते, पण शीटच्या लेखी तिथे `FALSE` हे मूल्य आहे, म्हणजे सेल भरलेला आहे. परिणाम असा, की अंक छापून, वाटून मोकळे झाले, बाराही चौकटी टिक झाल्या, तरी पट्टी १२ भागिले ५० म्हणजे २४ टक्क्यांवरच अडते. म्हणून छेदात चौकटी न मोजता कामांची नावं मोजावीत:

```
=COUNTIFS(A2:A,"<>",B2:B,TRUE)/COUNTA(A2:A)
```

अंशातही इथे एक अट घातली आहे: नाव लिहिलेलं असेल तरच टिक मोजायची. नाहीतर कुणाचा तरी माउस रिकाम्या ओळीवर पडतो आणि प्रगती १०० टक्क्यांच्या वर जाते. `A2:A` असं उघडं टोक ठेवल्याने शेवटी जोडलेली नवी कामंही मोजणीत येतात. `A2:A13` असं बांधून ठेवलं, तर चौदाव्या ओळीत लिहिलेलं तेरावं काम सूत्राला दिसतच नाही.

हे सूत्र E2 मध्ये ठेवून त्याला टक्क्यांचं रूप दिलं, की शेजारच्या सेलमध्ये पट्टी काढता येते:

```
=SPARKLINE(E2,{"charttype","bar";"max",1;"color1","green"})
```

यातला `"max",1` हा तुकडा बिनकामाचा वाटतो आणि म्हणून हमखास गळतो. तो गळला, की पट्टी नेहमी काठोकाठ भरलेली दिसते, काम ५ टक्के असो की ९५. कारण कमाल किती हे सांगितलं नाही, तर शीट दिलेल्या आकड्यालाच पूर्ण लांबी समजते. एक्सेलमध्ये हाच सापळा दुसऱ्या वेषात भेटतो. तिथे `Data Bars` लावताना किमान ० आणि कमाल १ आपण ठरवली नाही, तर त्या गटातल्या सर्वांत मोठ्या आकड्याची पट्टी पूर्ण भरते. एकच सेल असेल, तर ३० टक्केही भरगच्च हिरवे! तपासायला फार वेळ लागत नाही. सगळ्या टिका काढून एकच ठेवायची आणि पट्टी खरंच छोटी होते का ते पाहायचं.

आता पट्टी तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. तरीही ती फसवू शकते, आणि ही फसवणूक सूत्रातल्या चुकीपेक्षा जास्त नडते.

दिवाळी अंकाची पहिली चार कामं झाली: विषय ठरला, आमंत्रणं गेली, दरपत्रक झालं, प्रेसचं कोटेशन आलं. १२ पैकी ४ म्हणजे ३३ टक्के. संपादक निवांत. पण या चार कामांना मिळून जेमतेम पाच दिवस लागले. साहित्य जमवायला ३० दिवस लागणार आहेत, जाहिरातींना २०, संपादनाला १५. मांडणीला ८, मुद्रितशोधनाला ६, छपाईला ६, मुखपृष्ठाला ५ आणि वितरणाला ५. बेरीज १०० दिवस. हे अंदाजे दिवस C कॉलमात लिहिले आणि टिकांऐवजी दिवस मोजले, तर सूत्र असं होतं:

```
=SUMIF(B2:B,TRUE,C2:C)/SUM(C2:C)
```

त्याच चार टिका, पण पट्टी आता ५ टक्क्यांवर येते. तेहतीस आणि पाच, दोन्ही आकडे त्याच शीटमधले. दुसरा कटू आहे, पण प्रेसला तारीख देताना उपयोग त्याचाच. दिवस अंदाजाचेच असतात, एखाद-दुसऱ्याची चूक होणारच. पण ‘कोटेशन आणणे’ आणि ‘साहित्य जमवणे’ ही दोन कामं सारखीच, असं मानण्याएवढी मोठी चूक ती नसते.

टिकेची आणखी एक अडचण आहे. तिला अर्धवट असं काही माहीत नाही. काम संपेपर्यंत शून्य आणि संपल्यावर पूर्ण, हा नियम प्रकल्प व्यवस्थापनात मुद्दाम वापरला जातो, कारण ‘जवळजवळ झालंच आहे’ या उत्तराला त्यात जागा उरत नाही. मात्र कामं लहान असतील तरच तो शोभतो. ‘साहित्य जमवणे’ ही ३० दिवसांची एकच ओळ असेल, तर महिनाभर पट्टी त्या कामासाठी हलतच नाही, आणि शेवटच्या लेखकाचा मजकूर आला, की एकदम ३० टक्क्यांनी उडी मारते. मधल्या काळात कोण लेखक रखडलाय हे काही कळत नाही. त्याऐवजी १५ लेखकांच्या १५ ओळी कराव्यात आणि प्रत्येकीला दोन दिवस द्यावेत. बेरीज १०० दिवसांचीच राहते, पण प्रत्येक लेखाबरोबर पट्टी दोन टक्के सरकते आणि टिक नसलेल्या ओळीत लेखकाचं नावच दिसतं.

यातल्या एका लेखकाने नकार कळवला, तर काय करायचं? सवयीने हात टिकेकडे जातो, ‘हा विषय संपला’ म्हणून. तशी टिक केली, तर न आलेला लेख आल्यासारखा मोजला जातो. ती ओळच काढून टाकायला हवी, मग एकूण ९८ दिवस उरतात. त्याच्या जागी दुसऱ्याला विचारलं, तर नवी ओळ येते, बेरीज पुन्हा १०० होते आणि पट्टी किंचित मागे सरकते. ते पाहून कुणी सूत्र बिघडलं म्हणून शोधाशोध करायला बसतो. सूत्र ठीक असतं, काम वाढलेलं असतं.