आजीच्या दमाचा पाळणा

निपाणीत शेजारच्या घरी बारसं होतं. आजी एकेका दिवसाचं एक कडवं, असा 12 कडव्यांचा पाळणा म्हणायला लागल्या. पाचव्या दिवसाला त्यांचा दम संपला, बाळही रडायला लागलं. नंतर त्या मला म्हणाल्या, "एकच कडवं लिही गं, मला पुरेल एवढं." ते हे:

नीज नीज गं, नीज पाळणी,
आजी ओढी हळूच दोरी,
वारा आला माळावरुनी,
मीरा आली आज या घरी.

प्रत्येक ओळीत 16 मात्रा आहेत. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. 8 मात्रांत पाळणा पुढे जातो, 8 मात्रांत मागे येतो. शेवटचा 'ई' हवा तेवढा लांबवायचा आणि मग सावकाश श्वास घ्यायचा. जोडाक्षरं टाळलीत, कारण तिथे जिभेला धक्का बसतो आणि सूर तुटतो.

खरी अडचण नावाची. 'मीरा' 4 मात्रांची, म्हणून बरोबर बसते. 'ज्ञानेश्वरी'च्या 7 होतात. मग 3 मात्रांचं 'आज' काढायचं: 'ज्ञानेश्वरी आली या घरी'. पुन्हा 16. मुलगा असेल तर 'गं'चं 'रे' आणि 'आली'चं 'आला' करायचं. मात्रा बदलत नाहीत.

देवाचं नाव मुद्दाम घातलं नाही. आमच्या घरी बाप्तिस्म्यानंतर पाळण्याशी हेच म्हणता येईल.

बाळाची दुसरी आजी बेळगावची, कानडी बोलणारी. कानडी जोगुळातही 'जो जो' असतंच. म्हणून प्रत्येक ओळीनंतर चार वेळा 'जो' ठेवलं: 8 मात्रा, एक झोका. तेवढं त्यांना शिकवावं लागलं नाही.