काकडीचं रोप लांबतं कसं?

काकडीचं बी अंधारात रुजत घातलं की थोड्याच दिवसांत त्यातून पांढुरका, नाजूक देठ बाहेर पडतो आणि भराभर लांबत जातो. या लांबीत नव्या पेशींचा वाटा थोडाच असतो. आहेत त्याच पेशी पाणी शोषून मूळ लांबीच्या कित्येक पट होतात.

पेशीच्या आत साखर आणि क्षार विरघळलेले असल्यामुळे बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पेशीचा आतला भाग फुगू पाहतो, पण त्याच्याभोवती पेशीभित्तिका असते आणि ती त्याला अडवते. या अडवणुकीतून जो दाब तयार होतो, त्याला वनस्पतिशास्त्रात टर्गर म्हणतात. वाढत्या पेशीत तो साधारण पाच-सहा वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून अधिक असतो.

हा भार किती आहे, ते साध्या गणिताने कळतं. समजा, लांबट पेशीची त्रिज्या 20 मायक्रोमीटर आणि भित्तिकेची जाडी अर्धा मायक्रोमीटर आहे. त्रिज्या जाडीच्या 40 पट, म्हणून भित्तिकेवर येणारा ताणही आतल्या दाबाच्या 40 पट. सहा वातावरणांचे थेट 240 होतात! केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहून फारशी जाड नसलेली भित्तिका हे सतत पेलत असते.

ती फाटत नाही, याचं मुख्य श्रेय सेल्युलोजला. ग्लुकोजच्या हजारो रेणूंची सरळ साखळी, अशा अनेक साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून झालेला धागा, आणि त्याची जाडी जेमतेम तीन नॅनोमीटर. लांबणाऱ्या पेशीत हे धागे बहुतांश आडवे, पेशीच्या कमरेभोवती असतात. त्यामुळे दाब सगळ्या बाजूंनी सारखा असूनही पेशी जाड होत नाही, उंच होते. धाग्यांमधल्या जागेत पेक्टिन असतं. ते पाणी धरून ठेवणारं, जेलीसारखं द्रव्य आहे. कॅल्शियम मिळालं की त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि ते आवळतं. पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात, म्हणूनच त्या नंतर पाकात शिजल्या तरी विरघळत नाहीत.

आता खरा प्रश्न. पेशी वाढते, ती आतला दाब वाढल्यामुळे का? नाही, आणि इथेच अनेकांची समजूत चुकते. आधी भित्तिका किंचित सैल होते. सैल झाल्याने दाब जरासा उतरतो, उतरला म्हणून पाणी आत येतं, आणि पाणी आलं की पेशी लांबते. वाढत्या देठाचा तुकडा कापून त्याला पाणीच मिळू दिलं नाही, तर भित्तिका सैल होतच राहते आणि आतला दाब हळूहळू घसरताना मोजता येतो. दाब एका मर्यादेखाली गेला की वाढ थांबते. पिकाला पाण्याचा ताण बसतो तेव्हाही हेच घडतं. पानं माना टाकण्याच्या बऱ्याच आधी त्यांची वाढ थांबलेली असते.

भित्तिका सैल कोण करतं, याचं उत्तर काकडीच्याच रोपाने दिलं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात सायमन मॅक्वीन-मेसन, डॅनियल ड्युराचको आणि डॅनियल कॉसग्रोव्ह यांनी रोपाच्या वाढत्या देठाचे तुकडे गोठवून पेशी मारल्या आणि उरलेल्या भित्तिका ताण देऊन धरल्या. आम्ल द्रावणात त्या लांबू लागल्या. उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवलेले तुकडे मात्र ढिम्म राहिले. मग ताज्या भित्तिकांमधून काढलेली प्रथिनं त्या निर्जीव तुकड्यांवर घातली, आणि ते पुन्हा लांबायला लागले. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून सापडलेली प्रथिनं पुढे एक्स्पान्सिन म्हणून ओळखली गेली. ती सेल्युलोज तोडत नाहीत, फक्त धाग्यांमधली पकड ढिली करतात. जिवंत रोपात ऑक्सिन हे संप्रेरक पेशीला हायड्रोजन आयन बाहेर टाकायला लावतं, भित्तिका आम्ल होते आणि एक्स्पान्सिन कामाला लागतं.

वाढ संपली की काही पेशी भित्तिकेच्या आतल्या बाजूने नवा, जाड थर चढवतात आणि त्यात लिग्निन भरतं. ते भित्तिकेतलं पाणी हटवून धाग्यांना जखडून टाकतं. मग कितीही दाब असला तरी पेशी लांबत नाही. भाजी घेताना भेंडीचं टोक मोडून पाहतात, तेव्हा लिग्निनचीच परीक्षा होत असते. कोवळी भेंडी कट्‌कन मोडते, जून झालेलीचे चिवट धागे वाकतात पण तुटत नाहीत.

मग लांबणाऱ्या देठातून पाणी वर नेणाऱ्या नलिकांचं काय? पाणी वरून ओढलं जात असल्याने तिथे दाब उलटा, आत खेचणारा असतो. लिग्निनशिवाय त्या चिंबून बंद होतील, आणि पूर्ण लिग्निन चढलं तर भोवतालच्या पेशींबरोबर त्यांना लांबता येणार नाही. वनस्पतीने काढलेला मार्ग सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतो. पहिल्या नलिकांमध्ये लिग्निन सलग नसतं, ते कड्यांच्या किंवा सर्पिलाच्या आकारात बसवलेलं असतं. कडी नलिका उघडी ठेवतात, मधली कोवळी भित्तिका ताणत जाते. सलग लिग्निन असलेल्या नलिका देठाचा तो भाग लांबायचा थांबल्यावरच तयार होतात.