आठ आठवडे शिकायला, तीन वर्षं बाँडमध्ये?

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ‘स्कूल ऑफ आर्काइव्हल स्टडीज’ ही संस्था पुस्तकं, हस्तलिखितं आणि जुने कागद यांच्या जतनाचे अल्प मुदतीचे अभ्यासक्रम चालवते. समजा, पुण्यातल्या एका केंद्र सरकारी कार्यालयातल्या ग्रंथालय सहायक बाईंना तिथे आठ आठवड्यांसाठी जायचं आहे. ग्रंथालयात अठरा हजार पुस्तकं आणि माणसं दोनच, त्या आणि एक परिचर. रजा मागायची कशी?

अर्ज लिहिण्याआधी त्यांनी वरिष्ठांना एक प्रश्न विचारायला हवा: कार्यालयच मला पाठवेल का? पाठवलं, तर तो काळ कामावर असल्याचा धरला जातो आणि रजेचा प्रश्नच उरत नाही. नकार मिळाला तरच अध्ययन रजेकडे वळावं, कारण ती दिसते तेवढी स्वस्त नाही. केंद्राच्या १९७२च्या रजा नियमांनुसार परिवीक्षा पूर्ण झालेली आणि किमान पाच वर्षांची नियमित सेवा हवी. विषयाचा आपल्या कामाशी थेट आणि जवळचा संबंध हवा. परतल्यावर निवृत्तीला तीन वर्षं तरी उरलेली हवीत. रजा खात्यातून वजा होत नाही आणि पगारही मिळतो, पण बंधपत्र लिहून द्यावं लागतं. अभ्यासक्रम अर्धवट सोडला किंवा परतल्यावर तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली, तर रजेतला पगार व्याजासह परत करावा लागतो. दोन महिन्यांच्या शिक्षणासाठी तीन वर्षांची बांधिलकी! खात्यात भरपूर अर्जित रजा साठली असेल, तर तीच वापरणं कित्येकदा शहाणपणाचं ठरतं. (राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९८१चे महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम लागू होतात. त्यांनी तेच उघडून पाहावेत.)

आमच्या बाई मात्र अर्जित रजा मुलीच्या बाळंतपणासाठी राखून ठेवतात आणि अध्ययन रजाच मागतात. असा अर्ज बहुधा पात्रतेवर अडत नाही, तो अडतो ‘मागे काम कोण बघणार’ या शेऱ्यावर. साहेबांच्या हातात तसं नियमाचं बळही असतं: कर्मचाऱ्याचा नेहमीच्या कामाशी संपर्क तुटेल किंवा गैरहजेरीमुळे संवर्गात अडचण होईल इतक्या वारंवार ही रजा द्यायची नाही, असं नियमच सांगतो. म्हणून अर्जासोबत कामाच्या सोयीचं एक पान जोडावं. ‘सहकारी काम सांभाळतील’ असं मोघम वाक्य तिथे कुचकामी ठरतं.

ते पान कामाच्या वर्षावरून लिहायचं. वीस हजारांपर्यंत पुस्तकं असलेल्या ग्रंथालयाची पूर्ण पडताळणी दरवर्षी करावी लागते, असं सरकारचे सामान्य वित्तीय नियम सांगतात. बाईंच्या कार्यालयात ती फेब्रुवारीत होते. नियतकालिकांची वर्गणी कॅलेंडर वर्षाची असल्याने नूतनीकरण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतं, आणि मार्चमध्ये बिलांची घाई असते. अभ्यासक्रम जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असेल, तर ही तिन्ही कामं बाहेर राहतात. हे तारखांसकट लिहिलं की साहेबांची निम्मी शंका फिटते.

उरतो तो पावसाळा, आणि खरी अडचण तिथेच आहे. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की पुस्तकांवर बुरशी धरू लागते. म्हणजे जतन शिकायला निघालेली व्यक्ती नेमकी जतनाच्या मोसमात गैरहजर! पानावर हे लपवू नये. दर सोमवारी परिचराने तळमजल्याची कपाटं उघडून बघायची, आर्द्रतामापकाचा आकडा वहीत टिपायचा, बुरशी दिसली तर पुस्तक न झटकता वेगळ्या कोरड्या खोलीत ठेवायचं आणि प्रशासन विभागातल्या अमुक लिपिकाला कळवायचं. देवघेव चालू राहील, दंडाची रक्कम रोखपालांकडे जमा होईल, नवी खरेदी मात्र दोन महिने थांबेल. काय थांबणार हेही सांगणारं पान पटतं, कारण सगळंच सुरळीत चालेल म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, मग या पदाची गरजच काय?

त्या लिपिकाची संमती आधी तोंडी घ्यावी आणि पानावर त्याची सही असावी. न विचारता नाव टाकलेला सहकारी साहेबांसमोर ‘मला काही माहीत नाही’ म्हणाला, की अर्ज तिथेच बसतो. निघण्यापूर्वी तीन-चार दिवस त्याला शेजारी बसवून देवघेव करू द्यावी. किल्ल्या, दुर्मीळ पुस्तकांच्या कपाटाची यादी आणि बाहेर गेलेल्या पुस्तकांची नोंदवही यांचा चार्ज लेखी द्यावा. नाहीतर परतल्यावर एखादं पुस्तक सापडेना, तर ते कोणाच्या काळात गेलं यावरून वाद ठरलेला.

अर्ज योग्य मार्गाने जातो. त्यात अभ्यासक्रम, कालावधी आणि परीक्षा असेल तर तिचाही उल्लेख हवा. अभ्यासक्रम रजेपेक्षा लवकर संपला, तर लगेच हजर व्हावं लागतं. उरलेले दिवस इतर रजेत बसवायचे असतील, तर संमती आधीच घ्यावी लागते. पूर्णतेचं प्रमाणपत्र कार्यालयात द्यायचं असतं, म्हणून दिल्लीहून निघतानाच त्याची प्रत बरोबर घ्यावी.