तीन रिव्ह्यू आणि पाचपैकी पाच तारे!

चेन्नईजवळच्या ओरगडमला रेनॉ, रॉयल एनफील्ड यांच्यासारखे वाहनांचे मोठे कारखाने आहेत. समजा, तुमच्या घरातल्या कुणाला तिथे नोकरी लागली आणि आता जेवणाचा डबा शोधायचाय. मोबाइलवर दोन नावं दिसतात. पहिल्याला ५.० तारे आहेत, पण रिव्ह्यू फक्त ३. दुसऱ्याला ४.४ तारे आणि रिव्ह्यू १२०. बोट आपोआप पहिल्याकडे जातं ना?

थांबा जरा. धरून चालू की पहिल्याकडे दर पाचातले चार ग्राहक पूर्ण खूश असतात आणि एक नाराज. अशा डब्याचे पहिले तिन्ही रिव्ह्यू छान येण्याची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ५१ टक्के. नाणं उडवून छापा पडावा इतकी सोपी गोष्ट! तेच सलग २० ग्राहक खूश निघण्याची शक्यता जेमतेम १ टक्का. म्हणून तीन जणांच्या कौतुकावरून फारसं काही ठरत नाही. त्यात पहिले रिव्ह्यू मालकाच्या ओळखीतल्यांचेही असू शकतात.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक डबेवाल्याच्या खात्यात आपण मनानेच १० 'साधारण' रिव्ह्यू टाकायचे. साधारण म्हणजे किती, तर त्या भागातल्या सगळ्या डब्यांची जी सरासरी असेल तेवढे. ती ४ धरू. आता पहिल्याचे खरे तारे १५ आणि उसने ४०, मिळून ५५. भागिले १३ केलं की येतात ४.२३. दुसऱ्याचे १२० रिव्ह्यूंचे ५२८ तारे, त्यात ४०, म्हणजे ५६८. भागिले १३०, उत्तर ४.३७. दुसरा पुढे गेला! त्याच्याकडे स्वतःचे रिव्ह्यू भरपूर असल्यामुळे उसन्या दहांनी त्याला फारसा फरक पडला नाही. आयएमडीबीची गाजलेली २५० सिनेमांची यादीही याच पद्धतीच्या सूत्रावर बनत आली आहे.

नव्या डबेवाल्यावर हा अन्याय नाही. त्याला असेच ३० जणांनी पाच-पाच तारे दिले, तर हाच हिशोब ४.७५ वर जातो आणि तो आरामात पहिला येतो.

मग दहाच का? तो आकडा आपल्या अंदाजाचा. किती रिव्ह्यू वाचल्यावर तुमचा विश्वास बसतो, तेवढा घ्या. वीस घेतले तर पहिला ४.१३ वर उतरतो, दुसरा ४.३४ वरच राहतो. सरासरी मात्र तिथल्याच डब्यांची हवी, चेन्नईतल्या महागड्या हॉटेलांची नको.

खोटे रिव्ह्यू या गणिताला ओळखता येत नाहीत. कुणी तीसच्या तीस ओळखीतल्यांकडून लिहून घेतले, तरी ४.७५ च येणार. त्यासाठी तारखा बघा. सगळे रिव्ह्यू एकाच आठवड्यातले असतील आणि कुणीच भाजीचं नाव घेत नसेल, तर आधी एक दिवसाचा डबा मागवून बघा, महिन्याचे पैसे नंतर भरा.