सूचीत मेगॅस्थिनिस कुठून आला?

इतिहासाच्या प्रबंधांची संदर्भसूची तपासताना एक नोंद मला वारंवार भेटते : ‘मेगॅस्थिनिस, इंडिका’. ती दिसली की मी थांबतो, कारण हा ग्रंथ आज कोणालाच वाचता येत नाही. इ.स.पूर्व 300च्या सुमारास चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या या ग्रीक वकिलाचे मूळ पुस्तक कधीच नष्ट झाले. उरले ते स्ट्रेबो, एरियन अशा नंतरच्या लेखकांनी त्याच्या आधाराने लिहिलेले उतारे. श्वानबेक या जर्मन अभ्यासकाने ते 1846 साली एकत्र केले आणि मॅक्रिंडल यांनी 1877 साली त्यांचे इंग्रजी भाषांतर पुस्तकरूपाने आणले. त्यात घोटाळ्याला आणखी एक वाव आहे. एरियनच्या स्वतःच्या पुस्तकाचे नावही ‘इंडिका’च आहे, आणि ते उपलब्ध आहे. त्यामुळे सूचीत नुसते ‘इंडिका’ लिहिले, तर कोणते पुस्तक म्हणायचे आहे तेही कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. विद्यार्थिनी लिहिते, ‘भारतात गुलाम नाहीत, असे मेगॅस्थिनिस सांगतो.’ हे वाक्य तिने एका मराठी पाठ्यपुस्तकात वाचले आहे, आणि पाठ्यपुस्तकाच्या लेखकाने ते मॅक्रिंडलवरून घेतले आहे. म्हणजे मेगॅस्थिनिस, एरियन, मॅक्रिंडल, पाठ्यपुस्तक आणि ती स्वतः, अशी ही पाच जणांची साखळी झाली. सूचीत कोणाला घ्यायचे? जे पुस्तक तिने प्रत्यक्ष उघडले त्यालाच, म्हणजे फक्त पाठ्यपुस्तकाला. मजकुरात मेगॅस्थिनिसचे नाव राहू द्यावे आणि पुढे कंसात पाठ्यपुस्तकाच्या लेखकाचे नाव, वर्ष, पान आणि ‘मध्ये उद्धृत’ एवढे लिहावे. एपीए पद्धतीचा नियम हाच आहे : उल्लेख दोघांचा, सूचीत मात्र वाचलेले पुस्तक. शिकागो पद्धतीच्या तळटीपेत मूळ ग्रंथ आणि मधला ग्रंथ अशा दोघांचा तपशील मागितला जातो. तिथेही मधला ग्रंथ लपवायची मुभा नाही.

पण ‘मध्ये उद्धृत’ लिहून सुटका करून घेण्याआधी एक पायरी वर चढून पाहावे. मॅक्रिंडलचे भाषांतर इतके जुने आहे की त्यावर आता स्वामित्वहक्क नाही आणि archive.org वर ते कोणालाही मिळते. विद्यार्थिनीने ते उघडले, तर एरियनच्या दहाव्या प्रकरणात तिला हे विधान सापडेल. पण त्याच विषयावरचा स्ट्रेबोच्या पंधराव्या खंडातला उताराही तिथेच भेटेल. स्ट्रेबो मेगॅस्थिनिसचे म्हणणे देतो आणि लगेच सांगतो की ओनेसिक्रिटसच्या मते ही रीत फक्त मूसिकॅनसच्या प्रदेशापुरती होती. म्हणजे प्राचीन काळातच या विधानाबद्दल मतभेद होता, आणि पाठ्यपुस्तकाच्या एका ओळीत तो गळून गेला होता. तिसरा साक्षीदार डायोडोरस तर भारताच्या या वर्णनात मेगॅस्थिनिसचे नावच घेत नाही. तो मजकूर मेगॅस्थिनिसचा मानणे हा अभ्यासकांचा तर्क आहे. एवढे वाचल्यावर तिचे मूळ वाक्यच बदलते : ‘एरियन आणि स्ट्रेबो यांनी दिलेल्या वृत्तान्तानुसार मेगॅस्थिनिस असे म्हणतो, पण ओनेसिक्रिटस त्याला मर्यादा घालतो.’ आता सूचीत मॅक्रिंडलचे पुस्तक येईल. पाठ्यपुस्तकाचा दुसरा काही उपयोग केला नसेल, तर ते सूचीतून निघेल. मेगॅस्थिनिस मात्र आताही सूचीत येणार नाही, कारण त्याचे पुस्तक अजूनही कोणाच्या हातात नाही.

न वाचलेली नोंद ओळखण्याच्या खुणा आहेत. सूचीत 1877ची आवृत्ती असते, पण मजकुरात दिलेला पृष्ठक्रमांक त्या आवृत्तीत जुळत नाही. अवतरणातला गाळलेला भाग, इतकेच काय पण नावाचे चुकीचे लेखनही, दुसऱ्या एखाद्या पुस्तकातल्यासारखे हुबेहूब असते. परीक्षकाला एवढे पुरेसे असते.

सफाईचे काम फाइलवर सोपे आहे. मजकुरात ‘उद्धृत’ हा शब्द शोधावा आणि प्रत्येक ठिकाणी विचारावे की मूळ मिळण्याजोगे आहे का. मिळाले तर ते वाचून नोंद बदलावी. ग्रंथ हरवलेला असेल, दुर्मीळ असेल किंवा आपल्याला न येणाऱ्या भाषेत असेल, तर ‘उद्धृत’ राहू द्यावे. त्यात कमीपणा काही नाही. मग सूची उलट बाजूने तपासावी : प्रत्येक नोंदीसमोर आपण पाहिलेले पान लिहावे. जिथे पान लिहिता येत नाही, ती नोंद प्रबंध सादर करण्याआधी काढून टाका.